उद्या तुला कोणी हसणार नाही

प्रिय आठवीतल्या मला,

आज रविवार. जानेवारी 2010. बार्शीतल्या आपल्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर तू पडला आहेस. काविळीमुळे तीन आठवडे मुगाची खिचडी, ताक आणि उसाचे तुकडे एवढ्यावर काढलेस. डोळ्यांतला पिवळेपणा आता गेलाय. उद्यापासून शाळेत जायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले. आईला हायसं वाटलं आणि तुझ्या पोटात कळ आली. ही कळ काविळीची नाही, हे फक्त तुला ठाऊक आहे.

मी म्हणजे तूच, एकोणतीस वर्षांचा. पुण्यात राहतो, एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. हे पत्र तुला मिळणार नाही हे मला कळतं. पण उद्याच्या दिवसाबद्दल मला कोणाशी तरी बोलायचंय, आणि तो दिवस आतून माहीत असलेली माणसं दोनच. एक मी, आणि उद्या संध्याकाळपासून तू.

तुला वाटतंय, उद्या वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकांवरून आरोळी येईल, "हँग आला रे!" मग कोणीतरी मानेवर टपली मारून म्हणेल, "थांबा, रीस्टार्ट करतो."

यातलं काहीच होणार नाही. उद्या तुला कोणी हसणार नाही. तीन आठवड्यांत वर्गाने दुसरा मुलगा शोधलाय. उद्या सगळे त्याला हसतील, आणि त्यांच्यात तूही असशील.

हे पत्र त्या हसण्याबद्दल आहे. पण त्याआधी आपण इथपर्यंत कसे आलो ते पुन्हा एकदा बघू. कारण तू मनाशी त्याचं एक उत्तर ठरवून टाकलं आहेस, आणि ते चुकीचं आहे.

*

बुधवारचा तिसरा तास मराठीचा. प्रकटवाचन. सर दाराजवळच्या पहिल्या बाकापासून सुरुवात करतात, प्रत्येकाने उभं राहून एक परिच्छेद वाचायचा. तू धडा ऐकत नसतोस. तू मोजत असतोस. आपल्या आधी सोळा जण, म्हणजे आपला सतरावा परिच्छेद. तो शोधायचा, त्यातले क, प आणि त ने सुरू होणारे शब्द बघायचे, कुठे श्वास घ्यायचा ते ठरवायचं. तेवढ्यात लक्षात येतं की आज तिसऱ्या बाकावरची मुलगी आलेली नाही. सगळा हिशेब एकाने सरकतो. पुन्हा पहिल्यापासून.

मग तू उभा राहतोस. पहिला शब्द येत नाही. ओठ मिटलेले, घशात बूच बसल्यासारखं झालेलं. शब्द माहीत आहे, समोर छापलेला आहे, पण निघत नाही. तू मांडीवर मूठ आपटतोस, डोळे घट्ट मिटतोस. चार सेकंद जातात, कधी सहा. मागून अगदी हळू आवाज येतो, "हँग झाला." आणि बावन्न जणांचा वर्ग हसतो.

यावर तू किती उपाय शोधलेस ते घरात कोणालाच माहीत नाही. दुकानात 'पारले' म्हणायला नको म्हणून तू 'तो बिस्किटाचा पुडा' असं बोट दाखवून सांगतोस. आत्याकडे कुर्डुवाडीला जायचं असतं आणि 'कु' काही निघत नाही. मग तू पुढच्या टेंभुर्णीचं तिकीट काढतोस, कारण 'ट' तुला सहसा अडवत नाही. जास्तीचे पैसे खाऊला खर्च झाले म्हणून घरी सांगतोस. शब्दाला शब्द शोधण्यात तू इतका तरबेज झाला आहेस की घरच्यांना वाटतं, याचं तोतरेपण कमी होतंय. एकाच शब्दाला दुसरा शब्द नसतो, तो म्हणजे आपलं नाव. म्हणून नवीन माणसाने नाव विचारलं की तू सगळ्यात जास्त अडकतोस, आणि त्याला वाटतं, या मुलाला स्वतःचं नाव कसं आठवत नाही?

तू आईला अर्धंमुर्धं सांगितलंस. ती म्हणाली, "दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील." बाबा म्हणाले, "तूही एक ठेवून दे." सर हसत हसत म्हणाले, "अरे, त्याला त्रास देऊ नका रे." तिघांपैकी कोणीच वाईट नव्हतं. पण तिघांच्याही डोळ्यांसमोर चित्र होतं ते दोन मुलांचं, एक चिडवणारा आणि एक चिडणारा. एकाने चिडणं सोडलं किंवा उलट मारलं की खेळ संपला.

तू दुर्लक्ष करून पाहिलंस. पूर्ण सप्टेंबर महिना. काही फरक पडला नाही, कारण मागच्या बाकावरचा तो मुलगा तुझ्या चिडण्यासाठी बोलतच नव्हता. तो बोलल्यावर तुझ्याकडे बघायचासुद्धा नाही. आठवून बघ. तो वर्गाकडे बघायचा.

*

हे मला फार उशिरा कळलं, एका संशोधनाबद्दल वाचताना. कॅनडात टोरांटोच्या प्राथमिक शाळांमध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी मैदानावर खेळणाऱ्या मुलांचं कॅमेरा आणि लहान मायक्रोफोन लावून चित्रण केलं. मुलांना विचारून नाही, तर प्रत्यक्ष बघून त्यांनी प्रसंग मोजले. 2001 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एक मूल दुसऱ्याला छळत असल्याच्या 100 पैकी सुमारे 88 प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. त्यांच्यापैकी कोणी मध्ये पडलं, असं मात्र 100 पैकी 19 वेळाच घडलं.

पण मी थांबलो ते पुढच्या आकड्यावर. जेव्हा कोणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद. तुझा एक शब्द अडकतो त्याहून थोडा जास्त वेळ.

त्याच्याही आधी, 1996 मध्ये, फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून मांडल्या होत्या. छळणारा आणि सोसणारा या दोन झाल्याच. शिवाय एक त्याला हातभार लावणारा, एक हसून दाद देणारा, एक बाजूला राहून न बघितल्यासारखं करणारा आणि एक सोसणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा. म्हणजे ही दोघांची मारामारी नाही. हा प्रयोग आहे, तिकीट काढून बघायला बसलेल्यांचा. 'दुर्लक्ष कर' हा सल्ला त्या एकट्याला दिला जातो ज्याला स्टेजवर जबरदस्तीने उभं केलंय. प्रेक्षकांना तो कोणी देत नाही.

आपल्याकडे या सगळ्याला 'चिडवणं' असा एकच मवाळ शब्द आहे, म्हणूनही घोटाळा होतो. मोठ्या माणसांना वाटतं, आम्हीही चिडवायचो, त्यात काय. त्यांचं अगदीच चूक नाही. तुझा चुलतभाऊ तुला 'काडी' म्हणतो आणि तू त्याला 'ढोल्या' म्हणतोस, ती चेष्टाच आहे. वर्गात घडतं ते वेगळं, आणि फरक ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. ही चेष्टा परत करता येते का? ढोल्याला तू परत करू शकतोस. 'हँग' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला तू तोंड उघडलंस, तर तुझं उत्तर हाच पुढचा विनोद होतो. डॅन ऑल्वेयस यांनी स्वीडन आणि नॉर्वेत 1970 च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनीही तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. मुद्दाम केलेलं आहे का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि दोघांच्या ताकदीत फरक आहे का. तिसरी गोष्ट घरच्यांना दिसत नाही, कारण तुमची दोघांची उंची सारखीच असते.

*

आता तुझ्या उत्तराकडे येऊ. रात्री छताकडे बघत तू ठरवलं आहेस की हे सगळं तुझ्या बोलण्यामुळे होतं. बोलणं सुधारलं की सगळं थांबेल. म्हणून तू तोंडात सुपारी धरून वाचतोस, कोणीतरी सांगितलं म्हणून वेखंड चाटतोस आणि उपयोग झाला नाही की आपणच कमी पडलो असं मानतोस.

त्या बोलण्याबद्दल मला आता जे माहीत आहे ते आधी सांगतो. तोतरेपणा भित्रेपणातून येत नाही. मेंदूत बोलण्याच्या हालचालींचा जो ताळमेळ असतो, त्यातला हा फरक आहे. तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. बाबांचे काका का कमी बोलायचे, हे एकदा आजीला विचार. भीतीने अडखळणं वाढतं, पण भीतीने ते जन्माला येत नाही. लहान मुलांमध्ये शंभरात पाचेकांना ते होतं. बऱ्याच जणांचं जातं, मोठेपणी शंभरात एखाद्याचं उरतं. आपलं उरणार आहे. हे वाचून तुला वाईट वाटेल, पण खोटं सांगून उपयोग नाही. मी अजून अडखळतो. फरक एवढाच की आता अडखळणार हे माहीत असूनही बोलतो. बाविसाव्या वर्षी एका वाचा उपचारतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की शब्द बदलू नकोस, त्याच शब्दावर अड आणि त्यातून हळू बाहेर पड. त्या दिवशी मी कुर्डुवाडी हा शब्द अकरा वेळा म्हणालो.

पण मुद्दा तोतरेपणाचा नाही. मुद्दा कारण आणि निमित्त या दोन शब्दांचा आहे. मराठीत ते वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

माझ्या कामात एक गोष्ट रोज करावी लागते. प्रोग्राम चुकीचं उत्तर देतोय. तुम्हाला संशय आहे की आत जाणारी माहितीच खराब आहे. मग तुम्ही ती माहिती बदलून बघता. तरी तीच चूक आली, तर दोष माहितीत नव्हता. तो प्रोग्रामात आहे.

तू तीन आठवडे वर्गात नव्हतास. तुझं तोतरेपण वर्गात नव्हतं. तुझ्या सिद्धांताप्रमाणे त्या तीन आठवड्यांत वर्ग शांत असायला हवा होता. उद्या तू बघशील, की तेच हसू आहे, तोच मुलगा आवाज देतोय, तीच पाच-सहा मुलं बाक वाजवताहेत. नाव तेवढं बदललंय. तुझं बोलणं हे निमित्त होतं. कारण त्या वर्गात होतं, आणि तू घरी पडलेला असतानाही ते तिथेच होतं.

निमित्त कुठलंही चालतं असं मात्र मी म्हणणार नाही. तुझी निवड सहज झाली, कारण तुझी नक्कल करता येते, सर दर बुधवारी तुला उभं करतात आणि तुला चटकन उत्तर देता येत नाही. उद्याच्या मुलाचीही निवड अशीच झाली आहे. पण आपण सोपे होतो म्हणजे आपली चूक होती, असं होत नाही. ज्या घराला कुलूप लावायला विसरले तिथे चोरी झाली, तरी चोर चोरच असतो.

*

उद्या काय होणार ते आता ऐक.

पहिला तास सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असतील. तो दारात येईल. तुला तो माहीत आहे, पण तू त्याच्याशी कधी बोलला नाहीस. त्याच्या घरी म्हशी आहेत. पहाटे उठून धारा काढायच्या, सायकलला कॅन लावून रतीब घालायचा आणि तसंच शाळेत यायचं, हा त्याचा रोजचा क्रम. त्याच्या शर्टाला वास येतो. तीन आठवड्यांपूर्वी कोणालातरी तो पहिल्यांदा 'आला', आणि तेव्हापासून त्याचं नाव 'गोठा'.

तो आत येताना मागून एक जण हंबरेल. चार जण नाक धरतील. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असतील. वर्ग हसेल.

आणि तू हसशील.

तू ठरवून हसणार नाहीस. ते आपोआप येईल, आणि त्याबरोबर छातीत एक ऊब पसरेल. दीड वर्षात पहिल्यांदा तू बावन्नांपैकी एक असशील. शेजारचा मुलगा हसता हसता तुझ्या खांद्याला खांदा लावेल. त्या स्पर्शासाठी तू किती आसुसला होतास हे तुला तेव्हाच कळेल. मग तो मुलगा तुझ्याकडे बघतोय असं तुला वाटेल, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहील, कारण ते लगेच काढून टाकता येत नाही.

ही ऊब मी पंधरा वर्षं विसरलो नाही. मला झालेल्या त्रासाबद्दल मी मित्रांना सांगितलं, बायकोला सांगितलं. या हसण्याबद्दल कोणाला सांगितलं नाही.

लोक म्हणतात, ज्याने सोसलंय त्याला दुसऱ्याचं दुःख कळतं. मला तर त्या मुलाला नेमकं काय होतंय ते वर्गात सगळ्यात जास्त कळत होतं. तरी मी हसलो. कळणं आणि बाजूला उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसल्याने फार तर पहिली मिळते.

आता खरा प्रश्न. तेरा वर्षांचा, घाबरलेला, नुकताच सुटलेला मुलगा हसला, तर त्याला दोष द्यायचा का?

पहिल्यांदा वाटतं, नको. बिचारा काय करणार? पण हे उत्तर दिलं की एक अडचण येते. तुला हसणाऱ्या पन्नास जणांपैकी बहुतेक जण असेच असणार. हसलो नाही तर उद्या आपला नंबर, हे त्यांनाही दिसत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना खरोखर मजा येतेय, आपणच काय ते वेगळे, म्हणून प्रत्येक जण हसत होता. मी भीतीमुळे निर्दोष असेन, तर तेही निर्दोष. मग मी ज्यांचा पंधरा वर्षं राग केला तो कोणाचा? आणि ते दोषी असतील, तर मीही आहे. मला एक माप आणि त्यांना दुसरं, असं करता येत नाही. मी बरीच वर्षं तेच केलं.

आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की नंतर एक टिपण लिहितात. नियम असा, की त्यात माणसाचं नाव घालायचं नाही. कोणी केलं हे विचारायचं नाही, तर व्यवस्थेत असं काय होतं ज्यामुळे हे घडू शकलं ते विचारायचं. मला ही पद्धत आवडते आणि वर्गाला ती बऱ्याच अंशी लागूही पडते. सरांनी प्रकटवाचन जोडीने घेतलं असतं, तर निम्मा प्रयोग बंद झाला असता. पण ती पुरी पडत नाही. सर्व्हर कोणाचं देणं लागत नाही, माणूस लागतो. ज्याच्यावर हसलो त्याला व्यवस्थेचं टिपण पाठवून हिशेब चुकता होत नाही.

म्हणून मी अशा ठिकाणी येऊन थांबलो आहे. दोष आणि देणं वेगळं करायचं. तेरा वर्षांच्या तुला शिक्षा द्यावी असं मला वाटत नाही. पण तू त्या मुलाचं थोडं देणं लागतोस, आणि ते देणं माझ्याकडे आलंय. बावन्नांपैकी प्रत्येकाचं देणं छोटंसंच आहे. सगळी देणी मिळूनच ते हसू झालं होतं.

*

बाजूला उभं राहणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. तू ते विसरायच्या आत लिहून ठेवतो.

जून ते दिवाळी तुझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. वडील एसटीत कंडक्टर. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली आणि तो गेला. तुमची मैत्री अशी नव्हती, डबाही कधी वाटून खाल्ला नाही. पण जुलैतल्या एका बुधवारी तू उभा राहिलास, अडकलास, आणि बसल्या जागेवरून, पुस्तकात बोट ठेवून, तो तुझी ओळ अगदी हळू आवाजात वाचायला लागला. सरांना वाटलं, ओळ धरून बसलाय. त्याचा आवाज आला आणि तुझा शब्द सुटला. पुढचाही सुटला. अख्खा परिच्छेद तू एकदाही न अडखळता वाचलास, आणि खाली बसून वहीत उगाच रेघा मारत राहिलास.

तुला वाटलं चमत्कार झाला. तो चमत्कार नाही. अडखळणारा माणूस दुसऱ्याच्या बरोबरीने बोलला तर बहुतेक वेळा अडखळत नाही, गातानाही अडखळत नाही. म्हणूनच सकाळची प्रतिज्ञा तुला कधी नडली नाही. त्या मुलाला हे माहीत असणं शक्य नव्हतं. त्याला एवढंच दिसलं असेल की शेजारचा अडकलाय आणि ओळ आपल्याही पुस्तकात आहे.

त्याने कोणाला दम दिला नाही, तक्रार केली नाही. मागचा मुलगा मैदानावर 'हँग' म्हणायचा तो म्हणतच राहिला. पण दिवाळीपर्यंतचे बुधवार बरे गेले.

*

गेल्या वर्षी कोणीतरी आपल्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मला घेतल्यावर पाचच मिनिटांत त्याचा मेसेज आला, मागच्या बाकावरच्याचा. "हँगभाऊ! ओळखलं का? काय मजा यायची राव." खाली हसणारे चेहरे.

त्यात खुन्नस नव्हती. त्याला खरोखरच मजा आठवत होती. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "ओळखलं. तुला मजा यायची. मला बुधवारी सकाळी उलटी व्हायची." ग्रुप शांत झाला. तीन दिवसांनी त्याने वेगळा मेसेज केला, "सॉरी रे. मस्करी होती ती." मी "ठीक आहे" लिहिलं. खरं तर मला नीट ठरवता आलेलं नाही. ज्याला आपण काय केलं तेच आठवत नाही, त्याला माफ नक्की कशासाठी करायचं? तो तसा का वागला हे मला आता बऱ्यापैकी समजतं. पण समजणं म्हणजे माफ करणं नव्हे, आणि ते घाईने करायला मला कोणी सांगितलेलंही नाही. तूही घाई करू नकोस.

त्याच ग्रुपमध्ये दुसराही होता. आता त्याची डेअरी आहे. त्याला मी वेगळं लिहिलं, की काविळीनंतर शाळेत आलो त्या दिवशी मी तुला हसलो होतो, तू माझ्याकडे बघितलंस, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही, माझं चुकलं.

रात्री उत्तर आलं. "तू हसलास का नाही मला आठवत नाही. मी कोणाकडंच बघत नव्हतो. खिडकीतून सायकल दिसायची, कॅन लावलेली. कुणी हवा सोडतंय का तेवढंच बघायचो." मग थोड्या वेळाने अजून एक मेसेज. "खरं सांगू का, तू दारात दिसलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता परत ह्याचा नंबर लागेल."

तो मेसेज मी कितीतरी वेळा वाचला. एका बाजूला मी, त्याच्यावर हसून सुटलेला. दुसऱ्या बाजूला तो, माझा नंबर परत लागावा म्हणून मनात प्रार्थना करणारा. वर्गात दोघंच असे होतो ज्यांना एकमेकांचं सगळं कळत होतं, आणि दोघंही एकमेकांच्या जिवावर सुटायला बघत होतो. एकटेपणा म्हणजे आजूबाजूला कोणी नसणं, असं तुला वाटतं. तसं नसतं. तुझ्यासारखा दुसरा तीन बाक सोडून बसलेला असतो, आणि तुम्ही दोघं एकमेकांपासून लांब पळत असता.

*

तर उद्यासाठी थोडं काही. मी फार मागणार नाही.

आज रात्री बाबांना सांग. 'त्रास देतात' असं नको, त्याचा अर्थ त्यांना लागत नाही. वहीच्या मागच्या पानावर लिही. कोणत्या वारी, कोणत्या तासाला, काय म्हणाले, कोणी टपली मारली, किती वेळा. बोलायला जमत नसेल तर ते पानच त्यांच्या हातात दे. आणि सरांकडे एकच गोष्ट मागायला सांग, वर्गासमोर नाही, स्टाफरूममध्ये. प्रकटवाचन दोघादोघांनी घ्या. 'मुलांना समज द्या' याने काही होत नाही, यातून होण्यासारखं आहे. घरी कोणी ऐकलंच नाही, तर 1098 हा मुलांसाठीचा फुकट नंबर आहे. फोनवर अडखळलास तरी चालतं.

आणि सकाळी तो दारात येईल, मागून हंबरणं ऐकू येईल, तेव्हा वर्गाशी भांडू नकोस. ते तुला जमणार नाही, मलाही जमलं नसतं. फक्त हसू नकोस. एक जण कमी हसला तरी हसू तेवढं उणं होतं. जमलं तर बाकावर थोडा सरक. तुझ्या शेजारची जागा दिवाळीपासून रिकामीच आहे.

तो बसेल की नाही, माहीत नाही. बसला तर त्याला पहिल्यांदा एवढंच सांग, की खिडकीतून सायकल इथूनही दिसते.

तुझाच,
मी